मीटरवर कॅमेरा लावताय? मग चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी चौकट विकायला शिका



जुन्या मीटरवर छोटा कॅमेरा लावायचा, त्याने काटे आणि आकडे वाचायचे आणि रीडिंग मालकाच्या मोबाईलवर डॅशबोर्डमध्ये दाखवायचं. हे काम सध्या बऱ्याच जणांना धंदा म्हणून करायचंय. सामान स्वस्त आहे. ESP32-CAM नावाचं कॅमेऱ्याचं बोर्ड हजार रुपयांच्या आत मिळतं. AI-on-the-edge-device हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चढवलं की फोटो काढणं, आकडे ओळखणं आणि पुढे पाठवणं हे सगळं त्या बोर्डावरच होतं. एका दुपारी टेबलावर डेमो तयार होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

माझं मत थोडं वेगळं आहे. या धंद्यात आकडा दाखवणं हे काम नाहीच. नेमका कोणता आकडा दाखवायचा नाही हे ठरवणं, हे खरं काम आहे. ज्या डॅशबोर्डवर कायम काहीतरी आकडा असतोच, तो मी गिऱ्हाइकाला देणार नाही. का, ते एकाच उदाहरणावर नीट बघू.

उदाहरण: लॉजचं पाणी

समजा, तालुक्याच्या गावात एक वीस खोल्यांचं लॉज आहे. नगरपालिकेचं पाणी सकाळी येतं. साधारण अडीच तास येतं, पण वेळ नक्की नाही. कधी सहाला, कधी साडेसातला. गेटजवळच्या चेंबरमध्ये पालिकेचं मीटर आहे, तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं. लॉजला दिवसाला साडेसहा हजार लिटर लागतं. कमी आलं तर टँकर सांगावा लागतो, आणि टँकर दुपारच्या आत हवा असेल तर फोन लवकर करावा लागतो. म्हणजे मालकाचा रोजचा प्रश्न एकच: आज पाणी किती आलं, टँकर सांगू का नको?

पहिला प्रामाणिक प्रश्न मालकाच्या आधी तुम्हीच विचारा. वॉचमनने पाणी येण्याआधी आणि गेल्यावर मीटरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर भागेल का? भागत असेल तर तेच करायला सांगा. इथे अडचण अशी की वेळ नक्की नाही. सकाळी चेक-आउटची गडबड असते, तेव्हा वॉचमन गेटवर नसतो. फोटो कधी पाणी चालू असताना निघतो, कधी निघतच नाही.

दुसरा प्रश्न: कॅमेराच कशाला? मीटर मालकाचं स्वतःचं असतं तर मी पल्स देणारं मीटर बसवायला सांगितलं असतं. ठरावीक लिटर पाणी गेलं की ते वायरवर एक ठोका देतं, ठोके मोजले की झालं. त्यात फोटो ओळखण्याची भानगडच नाही. तसंच, कंप्रेसरच्या टाकीवरचा प्रेशर गेज मालकाचा असतो. तिथे एक टी-जॉइंट टाकून प्रेशर सेन्सर बसवणं हे कॅमेऱ्यापेक्षा सरळ आहे. कॅमेऱ्याची खरी जागा तिथे, जिथे मीटरला हात लावता येत नाही. पालिकेचं मीटर सीलबंद आहे, आपलं नाही, बदलताही येत नाही. आपण फक्त बघू शकतो. म्हणून इथे कॅमेरा.

आणि बघणं म्हणजे फक्त बघणंच. पालिकेच्या पाणी विभागात एक साधा अर्ज देऊन, मीटरला न चिकटणारा स्टँड लावतोय असं कळवा. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: कॅमेऱ्याचा स्टँड बसवायला लोहचुंबक वापरू नका. बऱ्याच मीटरमध्ये खालच्या चक्राची गती वरच्या काट्यांपर्यंत चुंबकानेच पोचते. बाहेरून चुंबक लावून मीटर मंद करण्याचा प्रकार पाणी खात्याच्या लोकांना चांगला माहीत असतो. तुमचा हेतू कितीही साफ असला तरी मीटरशेजारी चुंबक दिसला की मालकावर संशय जातो. स्टँड चेंबरच्या भिंतीला स्क्रूने बसवा, मीटरला नको.

फोटो चांगला आला की निम्मं काम झालं

बसवण्याचं फार लांबवत नाही, पण तीन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, फोकस. या बोर्डाची लेन्स कारखान्यातून लांबचं बघायला बसवलेली असते. आपल्याला दहा-पंधरा सेंटीमीटरवरचं मीटर बघायचंय. लेन्सच्या कडेला गोंदाचा ठिपका असतो, तो हलक्या हाताने सोडवून लेन्स थोडी फिरवावी लागते. बारीक काट्याचं टोक स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. ‘आकडे तर दिसतायत’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण पुढे सगळं काट्यांवर अवलंबून आहे.

दोन, उजेड. बोर्डावरचा एलईडी लेन्सच्या अगदी शेजारी आहे. तो सरळ मीटरच्या काचेवर पडतो आणि नेमका एखाद्या आकड्यावर पांढरा डाग येतो. एलईडीवर बटर पेपरचा तुकडा लावा किंवा वेगळा छोटा दिवा तिरका बसवा. बाहेरचा उजेड आत येऊ देऊ नका. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून काळा रंगवून कॅमेरा आणि मीटर यांच्यामध्ये उभा केला की सकाळ-संध्याकाळ-रात्र, फोटो सारखाच येतो.

तीन, वीज. दिवा लागतो आणि वायफाय चालू होतं त्या क्षणी बोर्ड एकदम जास्त करंट ओढतं. ऑफिसमधून पंधरा मीटर बारीक वायरने पाच व्होल्ट आणले तर टोकाला व्होल्टेज पडतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा चालू-बंद होत राहतं. त्यापेक्षा बारा व्होल्ट आणा आणि कॅमेऱ्याजवळ छोट्या कन्व्हर्टरने पाच करा. मुख्य लाइटची वायर पाण्याच्या चेंबरमध्ये न्यायचीच नाही. आणि चेंबरचं झाकण लोखंडी असेल तर वायफाय त्यातून नीट जात नाही. अँटेना बाहेर काढायची सोय करा.

मीटर वाचायचं कसं: घड्याळासारखं

आता मुख्य मुद्दा. या मीटरच्या चेहऱ्यावर दोन प्रकारची वाचनं असतात. वर एका खिडकीत फिरणारे काळे आकडे, ते घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. खाली चार छोट्या तबकड्या, प्रत्येकीत लाल काटा. पहिलीवर ×०.१ लिहिलेलं असतं. तिची एक खूण म्हणजे शंभर लिटर. दुसरीची एक खूण दहा लिटर, तिसरीची एक लिटर, चौथीची त्याहून दहापट लहान.

अवघड जागा असते ती आकडा बदलतानाची. शेवटचं आकड्याचं चाक टक्कन उडी मारत नाही, ते हळूहळू फिरतं. खरं रीडिंग ४७८.९६ असेल तेव्हा खिडकीत आठचा शेपटाएवढा भाग दिसतो आणि नऊ जवळजवळ पूर्ण वर आलेला असतो. माणूस असो वा कॅमेरा, पहिल्या नजरेत ‘नऊ’ म्हणतो. मग रीडिंग होतं ४७९.९६. एक हजार लिटरची चूक, तीही एकदम स्वच्छ फोटोवरून.

हे सोडवायची पद्धत आपण रोज वापरतो. भिंतीवरच्या घड्याळात तासकाटा पाचच्या अगदी जवळ आहे. पाच वाजून गेलेत की वाजायचेत? तासकाट्याकडे टक लावून कळणार नाही. मिनिटकाटा बघा. तो अकरावर असेल तर अजून पाच वाजायचेत, एकवर असेल तर वाजून गेलेत. मीटरचंही तसंच. प्रत्येक मोठ्या आकड्याचा निर्णय त्याच्या खालचा छोटा काटा देतो. ×०.१ चा काटा ९.६ वर आहे, म्हणजे त्याची फेरी पूर्ण झालेली नाही. म्हणून वरचं चाक अजून आठच, मग डोळ्याला नऊ दिसो. तोच काटा ०.२ वर असता तर नऊ.

त्यामुळे वाचन सगळ्यात छोट्या काट्यापासून सुरू करून वर जायचं. सॉफ्टवेअर हेच करतं, पण तुम्ही त्याला काटे दाखवले तरच. बरेच जण सेटिंग करताना फक्त वरच्या आकड्यांवर चौकटी आखतात आणि ‘लिटर कशाला हवेत?’ म्हणून तबकड्या सोडून देतात. मालकाला लिटर नको असतील, पण तुम्हाला हवेत. त्या काट्यांशिवाय शेवटचा आकडा खरा की खोटा हे ठरवता येत नाही. चारही नाही तर निदान पहिल्या तीन तबकड्या घ्याच.

काटा वाचताना कॅमेरा किती तिरका आहे त्याचाही फरक पडतो. तिरक्या फोटोत गोल तबकडी लंबगोल होते आणि काट्याचा कोन बदलतो. वीस अंश तिरका असेल तर गोल दबल्यामुळे काट्याचा कोन जास्तीत जास्त दोनेक अंश चुकतो. चाळीस अंश तिरका असेल तर साडेसात अंशांपर्यंत. छोट्या तबकडीवर दोन खुणांमध्ये छत्तीस अंश असतात, म्हणजे वीस अंशांपर्यंत चालून जातं. शिवाय काटा तबकडीपासून थोडा वर उचललेला असतो, त्याचीही चूक यात भरते. म्हणून शक्य तितका सरळ वरून बघणारा कॅमेरा लावा, पण त्यासाठी चेंबर फोडायला जाऊ नका.

दोन चाळण्या, आणि त्यांचे सापळे

वाचन झालं की आकडा लगेच डॅशबोर्डवर टाकायचा नाही. त्याला दोन चाळण्यांतून काढायचं.

पहिली चाळणी: मीटर मागे जात नाही. नवीन आकडा आधीच्यापेक्षा कमी असेल तर तो चुकीचा. दुसरी चाळणी: पाइपातून जेवढं येऊ शकतं त्याहून जास्त येणार नाही. ही मर्यादा पुस्तकातून काढू नका, जागेवर मोजा. लॉजमध्ये पाणी जोरात असताना मिनिटाला चाळीस लिटर येतं असं दिसलं, तर मर्यादा पन्नास धरा. दर पाच मिनिटांनी फोटो असेल तर एका वेळी २५० लिटरपेक्षा जास्त वाढ होऊच शकत नाही. मघाशी जी हजार लिटरची चूक पाहिली ती इथे अडते. चार लाख त्र्याहत्तर हजार लिटरच्या जागी चार लाख त्र्याऐंशी हजार वाचलं, तर तेही अडतं.

आता सापळे. सकाळी तासभर वायफाय गेलं किंवा वीज गेली. परत आल्यावर पहिलं वाचन तासाभराच्या वाढीचं असणार. तुमची चाळणी ‘एका वेळी २५० लिटर’ अशी असेल तर ती खरा आकडाही फेकून देईल, आणि पुढचे सगळे फेकत राहील, कारण फरक वाढतच जाणार. म्हणून मर्यादा वेळेच्या हिशेबाने हवी: मिनिटाला पन्नास, म्हणजे तासाला तीन हजार. पण तसं केलं की तासाभराच्या खंडानंतर हजार लिटरची चूक आरामात आत शिरते. बघा, म्हणूनच काट्यांवरून आकडा ठरवणं आधी पक्कं हवं. चाळणी ही दुसरी तटबंदी आहे, पहिली नाही.

त्याहून वाईट सापळा पुढे आहे. समजा, ४७८.९६ च्या जागी ४७९.९६ हा चुकीचा आकडा एकदा आत शिरला. पुढच्या पाच मिनिटांनी कॅमेऱ्याने अगदी बरोबर वाचलं, ४७८.९७. पहिली चाळणी म्हणते, आकडा मागे गेला, नको. त्यानंतरचं प्रत्येक खरं वाचन नाकारलं जातं आणि खरं मीटर त्या चुकीच्या आकड्याच्या पुढे जाईपर्यंत डॅशबोर्ड गोठून बसतो. हे ओळखायचं कसं? आलेख एकदम सपाट होतो, पाणी चालू असतानाही. आणि चूक सांगणाऱ्या ओळीत तोच तो ‘मागे गेला’ असा शेरा सतत येतो. उपाय एकच, फोटो बघून हाताने खरा आकडा घालायचा. हे काम कोण आणि किती वेळात करणार, ते गिऱ्हाइकाशी आधी ठरवा.

आणखी एक बारीक गोष्ट. पाणी बंद झाल्यावर लाइनमधलं पाणी उलटं ओढलं गेलं आणि एकमार्गी व्हॉल्व नसला, तर काही मीटर दोन-चार लिटर खरोखरच मागे फिरतात. ती कॅमेऱ्याची चूक नाही. दहा लिटरच्या आतली घट दिसली तर जुना आकडा तसाच धरा, बोंब मारू नका.

टँकर सांगायचा की नाही?

आता हे सगळं मालकाच्या प्रश्नाला लावून बघू. पाणी येण्याआधी मीटर ४७३.२० होतं. पाणी गेल्यावर खरं रीडिंग ४७८.९६. वजाबाकी ५.७६, म्हणजे ५,७६० लिटर आले. गरज साडेसहा हजारांची. ७४० लिटर कमी, टँकर सांगायला हवा.

चुकीच्या आकड्याने काय झालं असतं? ४७९.९६ वजा ४७३.२०, म्हणजे ६,७६० लिटर. गरजेपेक्षा जास्तच. डॅशबोर्ड हिरवा. मालक निवांत. आणि संध्याकाळी खोली नंबर चौदातला पाहुणा साबण लावून उभा आहे, नळाला पाणी नाही.

आता तिसरी शक्यता बघा. पाणी गेल्यावर वाचन पटलं नाही म्हणून डॅशबोर्डने आकडा दाखवलाच नाही. चौकट राखाडी झाली, त्यात लिहून आलं ‘शेवटचं खात्रीचं वाचन ८ वाजून २० मिनिटांनी’, आणि खाली मीटरचा आत्ताचा फोटो. मालक फोटो मोठा करतो, काटा बघतो, दहा सेकंदांत स्वतः ठरवतो. त्याला थोडा त्रास झाला, पण निर्णय चुकला नाही. वॉचमनला चेंबरपर्यंत पळवावंही लागलं नाही.

म्हणून मी म्हणतो, चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी चौकट बरी. चुकीचा आकडा मालकाला खोटा धीर देतो. रिकामी चौकट त्याला फक्त ‘जरा बघा’ म्हणते.

सॉफ्टवेअरमधून एमक्यूटीटीने जो संदेश निघतो त्यात यासाठी लागणारं सगळं असतं:

```json
{"value": "478.960", "raw": "478.960",
 "pre": "478.960", "error": "no error",
 "timestamp": "2025-03-11T09:05:42+0530"}
```

नवखी माणसं यातला `value` उचलतात आणि मोठ्या अक्षरात दाखवतात. तुम्ही आधी `error` आणि `timestamp` बघा. शेरा `no error` नसेल, किंवा वेळ वीस मिनिटांपेक्षा जुनी असेल, तर आकडा दाखवायचा नाही. शेवटचा फोटो कायम शेजारी ठेवायचा. डॅशबोर्डवर एवढंच पुरे: आज आलेलं पाणी, वाचनाची वेळ, फोटो. मीटरच्या काट्यांची चित्रं, रंगीत आलेख, पंधरा चौकटी, हे सगळं तुमच्या डेमोसाठी छान आहे. मालकाला टँकरचं सांगा.

एक सेटिंग विशेष जपून वापरा. एखादा आकडा ओळखता आला नाही तर तिथे आधीच्या वाचनातला आकडा भरण्याची सोय असते. सोय वाईट नाही; लाखाच्या घरातला आकडा रोज बदलत नाही, तिथे ठीक आहे. पण तसा भरलेला आकडा ताजा असल्यासारखा दिसतो. बदलत्या आकड्यावर ती सोय म्हणजे अंदाजाला रीडिंगचं लेबल लावणं.

गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधीच्या परीक्षा

पहिली परीक्षा एका मिनिटाची. लेन्ससमोर कोरा कागद धरा आणि पुढच्या वाचनाची वाट बघा. डॅशबोर्डवर आकडा आला, तर काम पूर्ण झालेलं नाही. ओळखणाऱ्या मॉडेलला काहीही दाखवलं तरी त्याचा कल काहीतरी उत्तर देण्याकडे असतो. धुकं धरलेली काच, चिखल, लेन्सवर बसलेली पाल, हे सगळं पावसाळ्यात येणारच आहे. तेव्हा काय होईल ते कागद आजच सांगतो.

दुसरी परीक्षा एका आठवड्याची. वॉचमनने किंवा तुम्ही दिवसातून दोनदा डोळ्यांनी मीटर वाचायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. चौदा नोंदी होतील. त्यातल्या प्रत्येक वेळी डॅशबोर्डने काय दाखवलं ते शेजारी लिहा. माझा नियम असा: चौदात एक-दोन रिकाम्या असतील तर चालेल. एकही चुकीची असेल तर हाती द्यायचं नाही, कारण शोधायचं.

पण आठवड्यात सगळं दिसत नाही, आणि इथेच अनेकांचा धंदा अडकतो. दिवसाला सहा घनमीटर पाणी येतं, म्हणजे एककाचा आकडा रोज सहा वेळा बदलतो. दशकाचा दोनेक दिवसांत एकदा. शतकाचा सतरा दिवसांत एकदा. आणि हजाराचा? आपलं मीटर ४७९ वर आहे. ते १००० वर जायला जवळपास तीन महिने लागतील. त्या दिवशी ९९९ वरून तीन चाकं एकदम फिरतात आणि चौथं हलतं. सगळ्यात अवघड फोटो तोच. तोवर तुम्ही पैसे घेऊन मोकळे झालेले असता. म्हणून हाती देतानाच हिशेब करून ठेवा: आपल्या उदाहरणात ५०० ची वेळ चौथ्या दिवशी येते, ती परीक्षेच्या आठवड्यातच धरा. १००० ची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या सकाळी डॅशबोर्डकडे स्वतः बघा.

मग पैसे कशाचे घ्यायचे?

बोर्ड, पाइप, वायर, अ‍ॅडॉप्टर याचे पैसे एकदा घ्या, पण तिथे कमाई शोधू नका. ते सामान कुणीही आणेल. महिन्याचे पैसे घ्या ते खात्रीचे: लेन्स आणि काच पुसणं, गोठलेलं वाचन सोडवणं, महिन्यातून एकदा डोळ्यांनी मीटर वाचून ताळा घालणं, आणि पावसाळ्याआधी चेंबरमध्ये पाणी साचतं का ते बघून कॅमेरा वर उचलणं. करारात साध्या मराठीत लिहा की दिसलेला आकडा मीटरशी जुळेल, आणि जुळण्याची खात्री नसेल तेव्हा तो दिसणार नाही.

जे तुमच्या हातात नाही तेही लिहा. सकाळी पाणी येण्याआधी लाइनमधली हवा जोरात बाहेर पडते आणि तिने मीटर फिरतं. कॅमेरा ते फिरणं बरोबर वाचतो, पण टाकीत तेवढं पाणी पडलेलं नसतं. ही मीटरची मर्यादा आहे. मालकाला टाकीतल्या पाण्याशी हिशेब जुळत नाही असं वाटलं, तर त्याला हे आधीच माहीत असलं पाहिजे, नाहीतर दोष तुमच्या कॅमेऱ्यावर येणार. बिलाच्या वादातही तुमचा आकडा पुरावा म्हणून विकू नका. तारीख-वेळेसकटचा फोटो मालकाला बोलायला उपयोगी पडेल, पण बिल पालिकेच्या रीडिंगवरच निघतं.

‘आमच्या डॅशबोर्डवर चोवीस तास आकडा दिसतो’ असं सांगणारा तुमच्यापेक्षा स्वस्तात काम देईल. देऊ दे. तुम्ही मालकासमोर लेन्सवर कागद धरून दाखवा, आणि शेजाऱ्याच्या डॅशबोर्डवर तोच प्रयोग करायला सांगा. पुढचं बोलणं मालक स्वतःच करेल.